हॉलमध्ये की ऑनलाइन? आधी सांगा

‘रविवारच्या बैठकीला सगळे येणार ना?’ असा निरोप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. सचिव अंगठे मोजतात आणि बैठक नक्की झाली असं समजतात. पण त्या अंगठ्यांतले किती जण खाली हॉलमध्ये येऊन बसणार, किती जण घरी सोफ्यावरून फोन लावणार आणि किती जणांनी निरोप पाहिल्याची नुसती पावती दिली, हे काहीच त्यावरून कळत नाही. सगळे एकाच खोलीत भेटत होते तोवर हे चालून गेलं. चार माणसं जास्त आली तर चार खुर्च्या आणल्या, संपलं. आता अर्धे हॉलमध्ये आणि अर्धे पडद्यावर असतात, त्यामुळे कोण कुठून येणार यावर माइक, बसण्याची मांडणी, अध्यक्षांची सभा चालवण्याची पद्धत आणि हात मोजण्याची रीत असं सगळं ठरतं. तेव्हा बैठक नक्की करणारा निरोप ‘येताय का?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘कुठून येताय?’ हे त्याने विचारलंच पाहिजे.

पुण्यातली ४८ सदनिकांची एक सोसायटी डोळ्यासमोर धरू. लिफ्ट जुनी झाली आहे, नवी बसवायची की तिचीच दुरुस्ती करायची, यावर चर्चा आहे. काही सदनिकाधारक दुबईला, एक कुटुंब लंडनला, दोघे न्यू जर्सीत. बैठक रविवारी, १ नोव्हेंबर २०२६ रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधी, संध्याकाळी साडेसहाला.

एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवतो. ही चर्चेची बैठक आहे, वार्षिक सर्वसाधारण सभा नव्हे. वार्षिक सभेची नोटीस आदर्श उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस आधी, विषयपत्रिकेसह द्यावी लागते. आदल्या दिवशीचा व्हॉट्सॲप निरोप ही त्या नोटिशीची आठवण असते, नोटीस नसते. ऑनलाइन हजेरी गणपूर्तीत धरायची का आणि ऑनलाइन मत मोजायचं का, हे उपविधी आणि त्या वेळी लागू असलेले सहकार खात्याचे आदेश पाहून ठरतं. सचिवांनी उत्साहाच्या भरात ‘ऑनलाइन आलात तरी चालेल’ असं लिहिलं म्हणून ते चालत नाही. अशा सभेचा निरोप पाठवण्याआधी उपनिबंधक कार्यालयात किंवा सोसायटीच्या सल्लागाराकडे विचारून घ्यावं. चर्चेच्या बैठकीत ही अडचण नाही, म्हणून उदाहरणाला ती घेतली.

आता वेळ. साडेसहा म्हणजे न्यू जर्सीत किती? ऑक्टोबरभर तिथे फोन करणारा कुणीही सांगेल: साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे सकाळचे नऊ. शनिवारी रात्रीपर्यंत हे उत्तर बरोबर आहे. पण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास मागे जातात, आणि २०२६ साली तो रविवार नेमका १ तारखेचा आहे. बैठकीच्या वेळी फरक साडेदहा तासांचा झालेला असेल आणि न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजलेले असतील. बोटांवर हिशेब करून नऊला आलेला माणूस बैठक संपल्यावर पोचेल. लंडनची घड्याळं त्याच्या एक आठवडा आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदललेली असतात, त्यामुळे तिथे दुपारचा एक. दुबईत घड्याळं बदलतच नाहीत. तिथे वर्षभर दीड तासाचाच फरक, म्हणजे पाच. यावर उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. परदेशातल्या सभासदांना फोनच्या कॅलेंडरमधून निमंत्रण पाठवायचं, कारण कॅलेंडर ती वेळ ज्याच्या-त्याच्या घड्याळात आपोआप बसवून दाखवतं. आणि निरोपात प्रत्येक गावची वेळ शब्दांत लिहायची.

बैठक किती वेळ चालेल हेही आधीच लिहावं लागतं. याला शिष्टाचाराइतकंच एक रोकडं कारण आहे. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी तुटते. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांनी. लिफ्टच्या चर्चेला सव्वा तास लागणार असेल तर कंपन्यांचे दर सांगून होतात न होतात तोच दुबई आणि न्यू जर्सी पडद्यावरून गायब होतात, आणि हॉलमधल्यांना ते कळायलाही दोन-तीन मिनिटं जातात. एक तर कुणाचं तरी पैसे भरलेलं खातं वापरायचं, नाही तर चर्चा ५० मिनिटांत बसवायची. आपल्या सोसायटीने दुसरा मार्ग धरला असं मानू.

तर शुक्रवारी सकाळी जाणारा निरोप साधारण असा असेल:

‘सन्माननीय सभासद, लिफ्टबाबतची चर्चा-बैठक रविवार, १ नोव्हेंबर रोजी नक्की झाली आहे. वेळ संध्याकाळी ६.३० ते ७.२० (दुबई ५.००, लंडन दुपारी १.००, न्यू जर्सी सकाळी ८.००, तिथली घड्याळं त्याच पहाटे एक तास मागे जातात). ठिकाण: तळमजल्यावरचा हॉल. ऑनलाइन येणाऱ्यांसाठी दुवा कॅलेंडर निमंत्रणात आहे तोच. दुसरा दुवा पाठवला जाणार नाही. दुवा ६.३० ला उघडेल. तिन्ही कंपन्यांचे दर सोबत जोडले आहेत, कृपया वाचून यावे. शनिवारी दुपारी १२ पर्यंत सदनिका क्रमांकासह हॉल, ऑनलाइन किंवा येणार नाही, यांपैकी एक उत्तर सचिवांना द्यावे. उत्तर बदलले तर रविवारी ५ पर्यंत कळवावे. इतिवृत्तासाठी बैठकीचे रेकॉर्डिंग होईल. हरकत असल्यास आधी सांगावे. आवाज येत नसेल तर सहसचिवांना फोन करावा. बैठक चालू असताना त्यांचा फोन त्यासाठीच मोकळा असेल.’

यातलं ‘दुसरा दुवा पाठवला जाणार नाही’ हे वाक्य जरा तुसडं वाटेल, पण ते राहू द्यावं. ऐन वेळी कुणीतरी मदत म्हणून नवा दुवा टाकतो, निम्मे लोक जुन्यात थांबतात, निम्मे नव्यात, आणि दोन्हीकडे ‘अजून कुणी कसं आलं नाही?’ अशी चर्चा चालते. सहसचिवांचा फोन नंबर निरोपात हवा, कारण ज्याला आवाज येत नाही तो बैठकीत तोंडाने काही सांगू शकत नाही, आणि हॉलमध्ये पडद्यावरचं चॅट कुणी वाचत नसतं.

शनिवारी दुपारपर्यंत उत्तरं येतात: हॉलमध्ये २२, ऑनलाइन ९, येणार नाहीत ६. उरलेल्या ११ जणांना संध्याकाळी फोन करायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सहसा ते एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. पण २२ हा आकडा हातात आला की खरा प्रश्न कळतो, तो आवाजाचा.

लॅपटॉपचा अंगचा माइक समोर दीड-दोन हातांवर बसलेल्या माणसासाठी असतो. टेबलाभोवती सहा जण असतील तर मध्ये ठेवायचा एक गोल स्पीकरफोन पुरतो. बावीस माणसं चार रांगांत बसली की मागच्या रांगेतल्या आजोबांचा प्रश्न ऑनलाइन बसलेल्यांना पंख्याच्या घरघरीत बुडालेला, अर्धवट ऐकू येतो. हॉलमध्ये गणपतीच्या कार्यक्रमांचा हातात धरायचा माइक आणि स्पीकर बहुधा असतातच, पण त्या माइकचा आवाज लॅपटॉपला आपोआप मिळत नाही. तो ॲम्प्लिफायरकडे जातो, मोठ्या स्पीकरमधून बाहेर पडतो, भिंतींवर आपटतो आणि तो घुमलेला आवाज लॅपटॉपचा माइक उचलतो. ॲम्प्लिफायरमधून लॅपटॉपपर्यंत वायर टाकता आली तर उत्तम. मंडपाचा साउंडवाला ते दहा मिनिटांत करून देतो. ते जमलं नाही तर सोपा मार्ग असा: स्पीकरफोन पहिल्या रांगेपुढच्या टेबलावर ठेवायचा आणि ज्याला बोलायचंय त्याने उठून टेबलाशी यायचं. दोन पावलं चालावी लागतात, पण आपोआप एका वेळी एकच जण बोलतो.

या मांडणीची चाचणी शनिवारी संध्याकाळीच करावी, आणि ती करताना पंखे रविवारी असतील तेवढ्याच वेगाने चालू ठेवावेत. एकाने शेवटच्या रांगेत उभं राहून बोलायचं, दुसऱ्याने इमारतीबाहेर जाऊन मोबाइलच्या डेटावर ऐकायचं. त्याला काय ऐकू आलं ते त्याने शब्दशः परत सांगायचं. ‘येतोय आवाज’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. आवाज येत असतो, शब्द येत नसतात.

दुसरा हमखास घोटाळा प्रतिध्वनीचा. हॉलमध्ये बसलेल्या एखाद्या उत्साही सभासदाने दर नीट दिसावेत म्हणून आपल्या फोनवरही बैठक लावलेली असते. आता एका खोलीत दोन माइक आणि दोन स्पीकर चालू. कधी कर्कश शिटी वाजते, कधी दुबईहून बोलणाऱ्याला स्वतःचेच शब्द अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतात आणि तो अडखळतो. मग सगळे त्यालाच म्हणतात, ‘तुमच्याकडे काहीतरी प्रॉब्लेम आहे.’ असतो नेमका उलटा प्रकार. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याचं यंत्र सहसा ठीक असतं. दोष दुसऱ्या टोकाला असतो, जिथे त्याचा आवाज स्पीकरमधून निघून माइकमध्ये शिरतोय. खात्री करायची तर त्याला बोलू द्यायचं आणि हॉलचा मुख्य माइक क्षणभर म्यूट करायचा. प्रतिध्वनी थांबला तर हॉलची मुख्य जोडणीच तपासायची. थांबला नाही तर हॉलमध्येच किंवा ऑनलाइनवाल्यांपैकी कुणाकडे तरी आणखी एक उपकरण उघडं आहे. सहभागींच्या यादीत कुणाकुणाचा माइक चालू दिसतो ते पाहिलं की ते सापडतं. म्हणून हॉलसाठीचा पहिला नियम: खोलीत माइक एकच, स्पीकर एकच. कुणाला आपल्या फोनवर पडदा पाहायचाच असेल तर आवाजाशिवाय सामील व्हावं. मीटमध्ये यासाठी Use Companion mode असा पर्याय दिसतो.

शिष्टाचाराच्या सूचना लिहिताना बहुतेक जण ऑनलाइनवाल्यांनाच शिकवतात: म्यूट राहा, कुकरची शिटी ऐकवू नका, कॅमेऱ्यासमोर नीट बसा. हे ठीकच आहे. पण अशा बैठकीत वरचढ बाजू असते ती खोलीची, आणि ती खोलीच्या लक्षातही येत नाही. यामागे अगदी साधं गणित आहे.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी जगातल्या दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजून २००९ मध्ये निष्कर्ष छापले. भाषेगणिक थोडा फरक होता, पण सरासरी विराम साधारण एक पंचमांश सेकंदाचा निघाला. आता इंटरनेटवरून आवाज जायला लागणारा वेळ बघा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषण नीट चालतं असं धरलं आहे, आणि ४०० मिलिसेकंदांच्या वर तो जाऊ नये असं म्हटलं आहे. साध्या वाय-फायवरून, खंड ओलांडून येणारा आवाज या दोन आकड्यांच्या मध्ये सहज सापडतो. हॉलमधलं वाक्य न्यू जर्सीला उशिरा पोचतं, तिथल्या माणसाने लगेच तोंड उघडलं तरी त्याचा आवाज हॉलमध्ये यायला पुन्हा तेवढाच वेळ. तोवर हॉलमधल्या दोघांनी बोलायला सुरुवात केलेली असते. तो थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा टक्कर होते, आणि तिसऱ्यांदा तो गप्प बसतो. नंतर कुणीतरी म्हणतो, ‘ऑनलाइनवाले काही बोललेच नाहीत, त्यांना मान्यच असेल.’

म्हणून अध्यक्षांनी ऑनलाइन सभासदांनी मध्ये बोलण्याची वाट पाहायची नाही. प्रत्येक मुद्द्यावर आधी त्यांनाच विचारायचं, तेही नाव घेऊन. ‘ऑनलाइन कुणाला काही म्हणायचंय का?’ हा प्रश्न हवेत विरतो. ‘दुबईहून ४०२, तुमचं काय म्हणणं?’ असं विचारलं की उत्तर येतं. विचारून झाल्यावर मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. खोलीत ती शांतता फार लांब वाटते, पण म्यूट काढून बोलायला माणसाला तेवढा वेळ लागतोच. अध्यक्षांना पडदा आणि हॉल दोन्हीकडे लक्ष ठेवणं जमत नसेल तर, आणि ते बहुतेकांना जमत नाही, एका सभासदाला फक्त पडद्यासमोर बसवावं. वर केलेले हात आणि चॅटमधले प्रश्न अध्यक्षांना सांगायचे, एवढंच त्याचं काम. तावातावाने बोलणारा सभासद या कामाला देऊ नये. तो स्वतःच बोलत राहतो.

हॉलमध्ये बसणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. बोलण्याआधी सदनिका क्रमांक सांगायचा, कारण पडद्यावर हॉल म्हणजे लांबून दिसणारी बावीस डोकी असतात आणि आवाज कुणाचा हे ओळखू येत नाही. आणि शेजाऱ्याशी कुजबुजायचं नाही. खोलीतल्या माणसाचा कान कुजबुज बाजूला सारून वक्त्याकडे लक्ष देऊ शकतो, माइकला ते तितकंसं साधत नाही. टेबलावर फोडलेला बिस्किटाचा पुडा लंडनला वक्त्याच्या बरोबरीने ऐकू जातो. चहा-बिस्किटं शेवटी द्यावीत ही सूचना निरोपात लिहायला थोडी विचित्र वाटते, पण ती हॉलची व्यवस्था पाहणाऱ्याला जरूर सांगून ठेवावी.

ऑनलाइन येणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःचं नाव. यादीत iPhone (2) किंवा नातवाने ठेवलेलं एखादं टोपणनाव दिसलं तर आत कोण आलं हे कळत नाही, आणि सोसायटीच्या पैशांची चर्चा चालू असताना अनोळखी माणसाला आत घेणं बरोबर नाही. ‘४०२’ आणि आडनाव एवढं पुरे. पडद्यासमोर बसलेल्या सभासदाने यादी शनिवारच्या उत्तरांशी ताडून पाहावी आणि मगच दार उघडावं. एका सदनिकेतले दोघे दोन ठिकाणांहून आलेले असतात, नवरा हॉलमध्ये आणि बायको प्रवासात फोनवर. चर्चेला दोघांचंही स्वागत आहे. कौल घेताना मात्र सदनिकेचा एकच मोजायचा, म्हणून कोण कौल देणार ते आधीच विचारून ठेवावं.

कौल घ्यायची वेळ आली की हात मोजणं आणि चॅट मोजणं एकदम करू नये. कुणी आवाजात हो म्हणतं, कुणी अंगठ्याचं चिन्ह दाखवतं, कुणाचं चिन्ह काही सेकंदांनी आपोआप नाहीसं होतं, आणि बेरीज कधी जुळत नाही. इथे सदनिका क्रमांक पुकारणंच चांगलं. आपल्या ३१ जणांना नंबर पुकारून हो, नाही किंवा तटस्थ विचारायला फार तर पाच मिनिटं लागतात. ऑनलाइन नंबर आधी पुकारावेत, म्हणजे हॉलचा कल कुठे झुकतोय ते पाहून त्यांना उत्तर द्यावं लागत नाही. मध्येच एखाद्याचं नेट गेलं तर त्याला ‘तटस्थ’ धरायचं नाही. सहसचिवांनी फोन लावून विचारायचं आणि ‘फोनवर कळवले’ असं इतिवृत्तात लिहायचं.

आणि शेवटी, ७.२० ला. ‘धन्यवाद, नमस्कार’ म्हणून दुवा बंद होतो, पडदा काळा होतो, चहाचे कप येतात, आणि आपल्याकडे खरी बैठक तिथेच सुरू होते. ‘तसं बघायला गेलं तर दुसऱ्या कंपनीचा दर थोडा कमी करून घेता येईल की,’ असं कुणीतरी म्हणतं, तिघे मान डोलावतात, अध्यक्ष म्हणतात ‘बघतो बोलून’. सोमवारी कंपनीला फोन गेलेला असतो आणि दुबईला याची काहीच कल्पना नसते. मला विचाराल तर अशा बैठकांमध्ये सगळ्यात जास्त नाराजी इथून निघते, खराब आवाजामुळे नव्हे. चहाच्या गप्पा बंद करता येणार नाहीत, करूही नयेत. पण दोन गोष्टी जमतात. दुवा शेवटचा माणूस हॉल सोडेपर्यंत चालू ठेवायचा आणि तसं आधी सांगायचं, म्हणजे पलीकडे ज्याला थांबायचंय तो थांबेल. मोफत खात्याची ६० मिनिटं याच कारणासाठी ५० मिनिटांच्या बैठकीला धरली होती. आणि दुवा बंद झाल्यानंतर निघालेला मुद्दा इतिवृत्तात ‘ठरले’ म्हणून लिहायचा नाही. ‘बैठकीनंतर सुचवले’ असं लिहून तो सोमवारी सकाळी सगळ्या ४८ जणांना पाठवायचा आणि उत्तराला दोन दिवस द्यायचे. कंपनीला फोन त्यानंतर.